मदत हवी आहे: काम आवडलेल्या गिऱ्हाइकाकडे रिव्ह्यू कसा मागावा?

गच्चीवाला: नमस्कार मंडळी. ठाण्यात मी आणि भाऊ वॉटरप्रूफिंगची कामं घेतो. मे महिन्यात वर्तकनगरच्या एका काकूंचं बाथरूम केलं. खालच्यांच्या छताला ओल येत होती. परवा काकूंचा स्वतःहून फोन आला, "एवढा पाऊस पडला, पण खाली एक थेंब नाही हो!" गुगलवर आमचे रिव्ह्यू मोजकेच आहेत आणि नवीन गिऱ्हाईक आधी तेच बघतं. पण पैसे घेऊन झाल्यावर वर आणखी काही मागायचं म्हणजे जीभ रेटत नाही. कसं विचारू?

कोपरीकर: पेमेंट घेतानाच मागायचं, नंतर कोण लक्षात ठेवतंय? आणि पुढच्या कामाला ५०० रुपये सूट सांगा, लगेच देतात.

नेरुळची: सूट अजिबात नको. रिव्ह्यूच्या बदल्यात सूट किंवा भेट देणं गुगलच्या नियमात बसत नाही, रिव्ह्यू काढूनही टाकतात. पेमेंटच्या वेळी मागणं माझ्या एसी सर्व्हिसिंगला चालतं, कारण गार हवा तिथेच लागते. तुमच्या कामाची परीक्षा पावसात. मेमध्ये काकूंनी "माणसं चांगली, वेळेत काम" एवढंच लिहिलं असतं. आता त्यांनी वाक्य आयतं दिलंय, तेच धरून मेसेज करा:

"काकू, परवा तुम्ही म्हणालात खाली थेंब नाही, फार बरं वाटलं. हेच दोन ओळींत गुगलवर लिहाल का? नवीन लोक आम्हाला हेच विचारतात. नाही जमलं तरी काही हरकत नाही."

खाली थेट लिंक द्या, ती बिझनेस प्रोफाइलमधून मिळते. दुकानाचं नाव शोधायला लावलं की माणूस कंटाळतो. "पाच स्टार द्या" मात्र म्हणू नका.

वाशी_सेक्टर९: आमच्या सोसायटीची गच्ची गळतेय. स्क्वेअर फुटाला काय घेता?

गच्चीवाला: व्यनि करतो दादा. ताई, काकूंना गुगलचं काही जमत नाही. त्यांच्या फोनवरून मीच लिहून दिलं तर?

नेरुळची: नको, ते तुमचं लिहिणं झालं. व्हॉट्सॲपवर दोन ओळी मागा आणि पुढच्या गिऱ्हाइकाला दाखवू का, नाव घालू का, हे विचारून घ्या. गुगलवर ते दिसणार नाही, पण अंदाजपत्रकासोबत जोडता येईल.

कळवा_खाडी: फक्त खूश लोक निवडून लिंक पाठवणंही गुगलला मान्य नाही. जोराचा पाऊस झाला की मेमधल्या सगळ्याच गिऱ्हाइकांना "ओल आली का?" म्हणून फोन करा आणि लिंक सगळ्यांना पाठवा.

गच्चीवाला: ज्यांच्याकडे परत ओल आली त्यांनाही?

कळवा_खाडी: हो. आधी जाऊन दुरुस्त करा, मग पाठवा. असा माणूस कधी कधी सगळ्यात चांगलं लिहितो.

कोपरीकर: आणि कधी कधी एक स्टार देतो. मला नाही पटत.

गच्चीवाला: काकूंना मेसेज टाकला. उत्तर नाही आलं तर आठवण करू का?

नेरुळची: आठवड्याने एकदाच.

कळवा_खाडी: मी तर तीही करत नाही.