मदत हवी आहे: निरोप समारंभाच्या भाषणात दुसरी म्हण कुठे बसवू?

नमस्कार, मी दहावीची हेडगर्ल, शनिवारी निरोप समारंभात ३ मिनिटं बोलायचंय म्हणजे साधारण ३०० शब्द, आणि बाई म्हणाल्यात दोन म्हणी हव्यातच. पहिली बसलीये, गॅदरिंगला आमचं लेझीम चुकलं आणि आम्ही सगळा दोष स्पीकरवाल्या दादांवर ढकलला, तिथे 'नाचता येईना अंगण वाकडे', पोरं हसणारच. पण लगेच पुढे शिक्षकांचे आभार आहेत, हशा थांबायच्या आत बोलले तर कुणाला ऐकूच जाणार नाही. मग तिथे 'थेंबे थेंबे तळे साचे' घालू, रोजच्या पाढ्यांवरून, की शेवटी ठेवू? आणि तिसऱ्या तासालाच डबे संपायचे हा किस्सा मुख्याध्यापकांसमोर चालेल ना? नावं नाही घेणार, फक्त 'शेवटचा बाक' म्हणेन.