मदत हवी आहे: रविवारी नातेवाईकांकडे जायला नाही म्हटलं, सासूबाई बोलेनाशा झाल्या

अबोली_स
लग्नाला सात महिने झालेत. रविवार हा माझा एकच सुट्टीचा दिवस, आणि तो दर आठवड्याला नवऱ्याच्या कुणा ना कुणा नातेवाईकांकडे जातो. गेल्या रविवारी मी येणार नाही म्हटलं. तेव्हापासून सासूबाई माझ्याशी बोलत नाहीत, आज चौथा दिवस. नवरा म्हणतो, "एकदा सॉरी म्हण आणि विषय संपव." माझं काय चुकलं तेच मला कळत नाहीये. सॉरी म्हणू की नको, एवढंच सांगा. उद्या संध्याकाळी सगळे घरात असतील, त्याआधी ठरवायचंय.

निवांत
एकत्र राहता की वेगळे? आणि "नाही म्हटलं" म्हणजे कुणाला म्हटलंत? नवऱ्याला की थेट सासूबाईंना?

थेटबोल
सॉरी अजिबात म्हणू नकोस. पहिल्या वर्षात जे गळ्यात पडतं ते कायमचं पडतं. मी लग्न झाल्यावर हौसेनं रोज संध्याकाळी सासूबाईंना फोन करायचे. आज नऊ वर्षं झाली, एक दिवस फोन राहिला तर नवऱ्याला विचारणा होते, "ती रागावलीये का?" मी स्वतःच लावलेली सवय आहे, म्हणून सांगते.

वसुधाकाकू
अगं पोरी, नव्या सुनेला सगळ्यांकडे नेतातच. मलाही पहिल्या वर्षी इतक्या घरी नेलं की नावं पाठ होत नव्हती. वर्ष सरलं आणि ते आपोआप थांबलं. चार महिन्यांसाठी मन कशाला मोडायचं? सॉरी म्हणून टाक, मोठ्या माणसापुढे त्यात कमीपणा नसतो.

थेटबोल
काकू, तुमचं थांबलं, माझं नाही थांबलं. सगळ्यांना तुमचाच अनुभव लावू नका.

वसुधाकाकू
आणि तू तुझा लावते आहेस, बाळा.

किनारा
मी जावई म्हणून लिहितो. मला पहिलं वर्षभर सासऱ्यांना काय हाक मारायची हेच कळत नव्हतं. "बाबा" तोंडातून निघेना आणि "काका" म्हटलं की त्यांना परकं वाटे, म्हणून मी हाकच मारायचो नाही. समोर जाऊन उभा राहायचो आणि त्यांचं लक्ष जाईपर्यंत थांबायचो. शेवटी बायकोनंच त्यांना विचारलं, तर ते म्हणाले, "काहीही म्हण, पण हाक मार." तुम्हालाही हाक मारताना अडखळायला होत असेल तर सरळ विचारून घ्या.

अबोली_स
किनारा, माझा तो प्रश्न नाहीये. मी त्यांना आई म्हणते आणि ते सहज येतं.
निवांत, आम्ही एकत्रच राहतो, नाहीतर न बोलणं इतकं जाणवलं असतं का? मी नवऱ्याला शनिवारी रात्री सांगितलं. त्यानं सकाळी आईंना सांगितलं. मग ते तिघं गेले आणि मी घरी राहिले.

दुवा
अबोली, मी विवाह समुपदेशक आहे आणि माझ्याकडे येणारी बरीच जोडपी लग्नाच्या पहिल्या दोन वर्षांतलीच असतात. तीन गोष्टी कळल्याशिवाय सॉरीबद्दल काही सांगता येणार नाही. नवऱ्यानं आईंना नेमकं कुठल्या शब्दांत सांगितलं? ज्यांच्याकडे जायचं होतं त्यांना आधी कळवलेलं होतं का? आणि या सात महिन्यांत तुम्ही दोघं तुझ्या माहेरी किती वेळा गेलात?

निवांत
दुवाताईंचं येईपर्यंत एक सांगतो. अमेरिकेत टेरी ऑर्बक नावाच्या संशोधिकेनं १९८६ साली लग्न झालेल्या ३७३ जोडप्यांचा अनेक वर्षं माग ठेवला. पहिल्या वर्षी ज्या नवऱ्यांनी सासरच्यांशी जवळीक असल्याचं सांगितलं, त्यांच्यात घटस्फोटाची शक्यता २० टक्क्यांनी कमी निघाली. बायकांच्या बाबतीत उलटं, सासरच्यांशी जवळीक असलेल्यांमध्ये ती २० टक्क्यांनी जास्त निघाली. म्हणजे सुनेनं अंतर राखलेलंच बरं. आत्ताचा अबोला तुमच्या पथ्यावरच पडतोय असं समजा.

वसुधाकाकू
घटस्फोटाचं काय काढलंस मध्येच! तिनं तसं काही म्हटलेलं नाही.

दुवा
निवांत, आकडे बरोबर आहेत, पण त्यातून "अंतर राखा" निघत नाही. ऑर्बक यांचं स्पष्टीकरण असं की जवळच्या झालेल्या सासूचा सल्ला बायकांना ढवळाढवळ वाटू लागतो, कारण त्या तो स्वतःच्या बायको असण्यावरचा शेरा समजतात. नवरे तोच सल्ला तितका मनाला लावून घेत नाहीत. आणि एकाच छपराखाली राहणाऱ्या घरात चार दिवसांचा अबोला म्हणजे अंतर नव्हे. त्यात दोघींचं लक्ष सतत एकमेकींकडेच असतं.

अबोली_स
अंतर वगैरे मला नकोच आहे. आई चांगल्या आहेत. मी उशिरा आले की जाग्या राहतात.
नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "मी फक्त सांगितलं की तिला यायचं नाहीये." कळवलं होतं का ते मला माहीत नाही. माहेरी तीनदा गेलो, त्यातल्या दोनदा मी एकटी.

थेटबोल
बघा! पंचवीस-तीस रविवार त्यांचे आणि तीन हिचे.

दुवा
थेटबोल, तो मुद्दा खरा आहे आणि तो काढायचाही आहे, पण उद्या नाही. उद्या तो काढला तर हिशेब मांडला असं होईल.

अबोली, अडलंय ते त्या एका वाक्यात. "तिला यायचं नाहीये" यात नवरा निरोप्या झाला आणि निर्णय एकटीचा तुझा ठरला. आईंना त्यातून ऐकू आलं, "हिला आमची माणसं नकोत." हेच त्यानं "आम्ही दोघांनी ठरवलंय, या रविवारी घरी थांबतो, पुढच्या रविवारी नक्की येतो" असं आदल्या दिवशी सांगितलं असतं आणि तोही थांबला असता, तर कुरकूर झाली असती, अबोला बहुधा झाला नसता. ज्याचे आईवडील, त्यानं सांगायचं, आणि सांगताना "आम्ही" म्हणायचं. हे तुझ्या माहेरच्या बाबतीतही तसंच, तिथे तू बोलायचं.

आता काकू आणि थेटबोल यांच्या भांडणाबद्दल. दोघींचंही अर्धंच बरोबर आहे, कारण दोघी वेगळ्या गोष्टींबद्दल बोलताहेत. पहिल्या वर्षातल्या काही अपेक्षा संपणाऱ्या असतात. ओळखीच्या भेटी तशा आहेत, घरं मोजकी असतात आणि यादी संपते. काही मात्र मुरणाऱ्या असतात, रोजचा फोन किंवा सुट्टीचा दिवस कुणाच्या मालकीचा हे ठरणं. त्यांना शेवट नसतो, आणि तू गप्प राहिलीस तर त्यालाच होकार धरला जातो. आपला नकार संपणाऱ्या गोष्टींवर खर्च करू नये. म्हणून आधी हे शोध की तुझे रविवार यातल्या कुठल्या प्रकारचे आहेत. गेल्या दोन महिन्यांत एकाच घरी पुन्हा जाणं झालं का?

अबोली_स
आत्ता कॅलेंडर काढून मोजलं. एकूण एकवीस रविवार बाहेर गेले. त्यात घरं चौदा. आत्यांकडे चार वेळा आणि मोठ्या काकांकडे पाच वेळा गेलोय. मला सगळं एकच वाटत होतं.

दुवा
म्हणजे चौदा भेटी ओळखीच्या आणि सात मुरायला लागलेल्या. नवऱ्याला हे मोजून दाखव, पण तक्रार म्हणून नको. उद्या त्याच्यासोबत आईंजवळ बस आणि विचार, "अजून कुणाकडे जायचं राहिलंय?" नावं त्यांच्याकडूनच येऊ देत आणि तू कागदावर लिही. यादी बनली की शेवट दिसतो. मग नवऱ्यानं म्हणायचं की महिन्यातले दोन रविवार या घरांसाठी, बाकीचे आम्ही दोघं ठरवू. आकडा दोनच असावा असं नाही, पण आकडा असावा. "कधीतरी कमी करू" याला कुणी धरून राहत नाही.

सॉरी म्हण, पण ऐनवेळी सांगितल्याबद्दल. थकल्याबद्दल सॉरी म्हणू नकोस.

थेटबोल
आणि त्या "बरं" म्हणून पुन्हा तेच करतील तेव्हा?

दुवा
एकदोनदा करतीलच. कुणाचा तरी फोन येईल, "एवढं एकदाच" म्हणतील. तेव्हा नवरा तेच वाक्य पुन्हा म्हणतो की तुझ्याकडे बघतो, यावर सगळं ठरतं. तो तुझ्याकडे बघायला लागला तर बोलणं आईंशी नाही, त्याच्याशी बाकी आहे असं समजायचं.

वेगळंबिऱ्हाड
सरळ वेगळे राहा. आम्ही तिसऱ्या महिन्यात वेगळे झालो, सगळे प्रश्न सुटले.

थेटबोल
घर लहान आहे का, सासऱ्यांची तब्येत कशी, काही विचारलंत का तुम्ही? तिला आई आवडतात असं तिनं वर लिहिलंय.

वेगळंबिऱ्हाड
आवडतात तोवरच वेगळं व्हावं, असं माझं मत.

अबोली_स
सांगायला आले. बसलो काल. मी म्हटलं, "आई, मी आदल्या रात्री सांगितलं, ते चुकलं." त्या बराच वेळ हातातल्या रुमालाची घडी घालत आणि मोडत होत्या. मग म्हणाल्या, "मी त्यांना आठ दिवस आधी सांगितलं होतं सून येतेय म्हणून. दारात त्यांनी विचारलं, सून कुठाय? मला उत्तर सुचलं नाही." हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. नवऱ्यालाही ठाऊक नव्हतं. म्हणजे त्या रागावल्या नव्हत्या, त्यांची पंचाईत झाली होती.

यादीत पाच घरं निघाली. एक नाव सासऱ्यांनी स्वतःहून खोडलं, त्यांच्याकडे आपण नंतर जाऊ म्हणाले. महिन्यातले दोन रविवार नवऱ्यानं सांगितले, आणि "आम्ही" म्हणून सांगितले. आई "बघू" म्हणाल्या.

वसुधाकाकू
दारात उत्तर न सुचणं मला फार कळतं गं. जाऊबाईंसमोर मान खाली जाते.

दुवा
पुढच्या वेळी कुणाला कळवण्याआधी तुम्हाला विचारावं, एवढं आईंना नवऱ्यानं सांगायला हवं. ते राहिलंय.

अबोली_स
तेच त्याला जमत नाहीये. म्हणतो, "आत्ताच सगळं नीट झालंय, लगेच कशाला?" आणि मोठ्या काकांकडे आम्ही गेलो की तो पुरुषांत जाऊन बसतो आणि मी चार तास आत असते, तेही बोलायचं राहिलंच. माहेरचा विषय तर मी काढलेलाच नाही. पुढचा रविवार मोठ्या काकांचाच आहे.

थेटबोल
आत असतेस म्हणजे? बाकीच्या सुनाही असतात की फक्त तू?