प्रतिसाद: पाचचा पुडा आणि महागाई

"पोट्टा म्हणते, शेवेचा पुडा पाचलाच भेटते, मग महागाई कुठी हाय?"

असं विचारणाऱ्या पोट्ट्याले किंमत नका दाखवू, वजन दाखवा. माझ्या भाच्याले मी जुना रिकामा पुडा अन् नवा शेजारी ठेवून दिले. जुन्यावर ५० ग्रॅम, नव्यावर ४०. तो लगेच म्हणे, "वीस टक्के महागलं." इथंच सारे चुकतात. १०० ग्रॅमचा भाव काढाले लावला: आधी १० रुपये, आता साडेबारा. म्हणजे वाढ पंचवीस टक्के!

मग तो आलूबोंड्याकडे वळला. तिथं वजन छापत नाहीत, म्हणून तराजू मागत होता. पण एकट्या शेवेवरून महागाईचा दर ठरत नाही. तेल, डाळ, एसटीचं भाडं, साऱ्या घरखर्चाची सरासरी धरावी लागते.