मदत हवी आहे: संख्यारेषेवर मुलाचं उत्तर एकाने चुकतं

मुलगा सहावीत आहे. −3 पासून 5 पावलं पुढे गेलं की 2 यायला हवेत, त्याचे 1 येतात. पेन्सिल −3 वर टेकवूनच तो "एक" म्हणतो, म्हणजे उड्या न मोजता ठिपके मोजतो. तापमानातही तेच: −7 अंशांवरून 4 वर, तर म्हणतो 12 अंश वाढलं, खरे 11. शून्य मात्र गाळत नाही. 2 + 5 तोंडपाठ असल्यामुळे तिथे चूक दिसतच नाही.

फरशीवर खडूने रेषा आखून चालवलं, तिथे अचूक! वहीत कमानी काढायला लावल्या, तरी बोट ठिपक्यांवरच. चिन्हांचे नियम इतक्यात पाठ करून घ्यायचे नाहीत. फरशीवरची पहिली उडी वहीतही पहिली उडीच राहावी, यासाठी तुम्ही नेमकं काय करून घेता?