मदत हवी आहे: फारसी मुलाखतीचं इंग्रजी भाषांतर, अडखळणं आणि अर्धी वाक्यं तशीच ठेवून

सायली_प

मौखिक इतिहासाच्या एका प्रकल्पासाठी फारसी मुलाखतींचं इंग्रजी भाषांतर करते आहे. बोलणाऱ्या आजी खोर्रमशहरच्या. 1980 मध्ये इराकशी युद्ध सुरू झालं तेव्हा घर सोडून निघालेल्या. प्रकल्पाची अट अशी की त्या जिथे अडखळल्या, थांबल्या, वाक्य अर्ध्यावर सोडलं, ते सगळं इंग्रजीत दिसलं पाहिजे. यनी, चीज, दीगे असल्या बोलताना भर म्हणून येणाऱ्या शब्दांचं एक वेळ काही तरी करता येईल, पण अर्ध्या वाक्यांशी अडले आहे. हा तुकडा पाहा:

«शब आमदंद दमे दर, बरादरम रो—»
मुलाखतकार: «चंद सालेश बूद?»
«बीस्त. बीस्त-ओ-यक. हमीन दीगे.»

म्हणजे 'रात्री दाराशी आले, माझ्या भावाला—', 'किती वर्षांचा होता?', 'वीस. एकवीस. एवढंच.'

पहिल्या खर्ड्यात मी 'दे टुक माय ब्रदर' लिहिलं आणि रात्री झोप लागेना. 'बोर्दंद' म्हणजे नेलं. पण 'आवर्दंद' असतं तर आणलं! युद्ध चालू आहे, गावात माणसं मरताहेत, लोक रात्री दाराशी येतात. भावाला घेऊन गेले की त्याला घरी आणून ठेवलं? आजींनी क्रियापद उच्चारलंच नाही आणि मी ते त्यांच्या तोंडी घातलं. नुसतं 'माय ब्रदर—' ठेवलं तर इंग्रजी वाचणाऱ्याला वाटणार की भावानेच काही तरी केलं. कसं करू?

ओंकार_ठाणे

सबटायटलच्या कामात आम्ही हे सगळं काढून टाकतो, वाचायला वेळ मिळत नाही म्हणून. फारच गरज असेल तर एक तक्ता करा. यनी म्हणजे 'आय मीन', खोब म्हणजे 'वेल', दीगे म्हणजे 'यू नो', चीज म्हणजे 'थिंग'. एकदा ठरवलं की शेवटपर्यंत तेच. कुणी शंका काढली तर तक्ता दाखवता येतो.

मुक्ता_देशमुख

मी कोर्टात दुभाषाचं काम करते, हिंदी-मराठी. आमच्याकडे साक्षीदार 'म्हणजे' म्हणाला तर तेही नोंदवावं लागतं. तुमची मुलाखत कोर्टात जाणार आहे का? तसं असेल तर प्रतिज्ञापत्र लागेल.

सायली_प

नाही मुक्ताताई, कोर्टाचा काही संबंध नाही. संग्रहात ठेवायची आहे, अभ्यासक वाचतील.

जुना_फारसीवाला

सायली, आधी एक सांगा. मूळ टंकलिखित प्रतीत 'रो' आहे की 'रा'? 'खूने' आहे की 'खाने'? बरेच टंकलेखक ऐकताना बोलीतलं फारसी पुस्तकी करून टाकतात आणि त्याच ओघात चीज, यनीही गळून पडतात. प्रतीत 'रा' असेल तर तुमच्यासमोर आजींचं बोलणं नाही, टंकलेखकाने झाडलेलं बोलणं आहे. ध्वनिफितीची पाच मिनिटं घ्या आणि 'चीज' किती वेळा येतं ते कागदाशी ताडून पाहा. फरक मोठा असेल तर भाषांतर थांबवा, आधी कागद दुरुस्त करा.

आता अर्ध्या वाक्याबद्दल. आपण मराठी माणसं इथे फायद्यात आहोत, कारण फारसीतही क्रियापद शेवटी येतं. 'रात्री दाराशी आले, माझ्या भावाला—' हे मराठीत तंतोतंत उतरतं. 'रो'चं काम आपला 'ला' करतो, आणि पुढचं न बोललेलं न बोललेलंच राहतं. इंग्रजीत क्रियापद कर्माच्या आधी येतं, म्हणून तिथे पोचेपर्यंत भाषांतरकाराला ते ठरवावंच लागतं. मी शंकेच्या जागी आधी मराठी करून बघतो. मराठीत नसलेला जो शब्द इंग्रजीत आला, तो माझ्या पदरचा. तुमचं 'टुक' असंच पदरचं आहे.

माझं मत: 'दे केम टु द डोअर ॲट नाइट, माय ब्रदर—' एवढंच ठेवा. चौकटी कंसात क्रियापद भरू नका. बाजूच्या टिपेत लिहा की मूळात भाऊ कर्म आहे आणि क्रियापद उच्चारलेलं नाही, नेलं आणि आणलं दोन्ही शक्य आहे. टीप वाचणाऱ्याला अडवते हे खरं, पण चुकीचं क्रियापद त्याला फसवतं.

ओंकार, तक्ता यनीपुरता बराचसा चालेल. ते आपलं 'म्हणजे'च आहे. पण चीज म्हणजे 'थिंग' कधीच करू नका. «रफ्तीम चीज, माहशहर» म्हणजे 'आम्ही गेलो ते हे, माहशहरला'. नाव आठवेपर्यंतची ती जागा आहे, तिथे 'अं, व्हॉट्स इट' बसेल. आणि वाक्याच्या सुरुवातीचं 'वल्ला' पुष्कळदा 'आता काय सांगू' एवढंच असतं. 'बाय गॉड' केलंत तर आजी शपथेवर साक्ष देताहेत असं वाटेल.

ओंकार_ठाणे

वल्लाचं पटलं. पण जागेप्रमाणे शब्द बदलत गेलो तर त्या बाई चीज किती वेळा म्हणाल्या हे इंग्रजी वाचणाऱ्याला कळणार कसं? बोलण्याची लकब म्हणजे तोच तोच शब्द परत येणं.

जुना_फारसीवाला

हे बरोबर आहे आणि याचं पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही. मी एका माणसाच्या तोंडी दोनच पर्याय ठेवतो, तिसरा येऊ देत नाही. तरी गळती होतेच.

नर्गिस_पुणे

मी शिकायला पुण्यात आले होते, आता मराठीत लिहिते, चुका पदरात घ्या. एक गोष्ट राहिली. मुलाखत घेणारा मध्ये मध्ये 'बले, बले' म्हणतो ना? ते प्रत्येक वेळी नव्या ओळीवर लिहिलं तर आजींचं प्रत्येक वाक्य तोडलं असं दिसतं. ते तोडणं नाही, ते 'हं, ऐकतोय' आहे. आजींच्याच ओळीत कंसात टाका.

आणि इराणी महिने बदलू नका! माझी आजीसुद्धा अशीच बोलते, «अव्वले मेहर... न, आखरे शहरीवर». युद्ध लागलं 31 शहरीवर 1359 ला, म्हणजे 22 सप्टेंबरला. दुसऱ्या दिवशी 1 मेहर, आमच्या शाळा उघडायचा दिवस. तुम्ही दोन्ही महिने इंग्रजी केले तर 'सप्टेंबरअखेर, नाही, सप्टेंबरअखेर' होईल. आजी का अडखळली तेच नाहीसं होईल. तिला मुलांची शाळा आठवली असेल.

सायली_प

नर्गिस, माझ्या प्रतीत अगदी हेच वाक्य आहे आणि मी त्याचं 'लेट सप्टेंबर' एवढंच केलं होतं, आजींनी स्वतःला सुधारलं ते गाळून. आज दुरुस्त केलं.

जुना_फारसीवाला, प्रतीत सगळीकडे 'रा' आहे, वरचा 'रो' मी ध्वनिफितीवरून लिहिला होता. पहिल्या पाच मिनिटांत कागदावर चीज दोनदा आहे, कानाला अकरा वेळा आलं. कागद पुन्हा करायला घेतला आहे.

आणि ते भावाचं वाक्य हेडफोन लावून परत परत ऐकलं. प्रतीत आडवी रेघ आहे, म्हणून मी धरून चालले होते की मुलाखतकाराने मध्येच प्रश्न टाकला. तसं नाही. 'बरादरम रो' नंतर जवळजवळ चार सेकंद काहीच नाही, बाहेरून कुठली तरी गाडी जाते, आणि मग तो हळू आवाजात वय विचारतो. त्यांना कुणी तोडलं नव्हतं, त्या थांबल्या होत्या. रेघ काढून तीन टिंबं दिली आणि कंसात चार सेकंद लिहिले. क्रियापदाची जागा रिकामी ठेवली, टीप तुम्ही सांगितलीत तशी.

एक राहिलं. पुढे त्या म्हणतात, «बाद मादरम चीज कर्द». 'मग आईने हे केलं'. इथे चीजनंतर खरा शब्द येतच नाही, पूर्ण क्रियापदच चीज आहे. याला 'व्हॉट्स इट' चालत नाही. कुणी असं केलं आहे का?

जुना_फारसीवाला

केलं आहे, पण समाधान झालं नाही. आईने काय केलं ते पुढच्या वाक्यांवरून कळतं का? दोन-तीन ओळी इथे टाका, मग बघू.