'दम कोंडणे' आणि 'प्राणवायू कमी पडणे' एकच का?

वृषाली_भाषांतर
तरण तलावावर लावायच्या सुरक्षा-फलकाचं मराठी करते आहे. मूळ मजकुराचा आशय असा की पाण्याखाली जाण्यापूर्वी भराभर श्वास घेऊ नका, कारण मग दम कोंडल्याची जाणीवच होत नाही आणि माणूस बेशुद्ध पडतो. मी लिहिलं, 'प्राणवायू कमी पडल्याची जाणीव होत नाही.' संपादकांनी ते खोडलं आणि समासात 'अर्थ बदलतो' एवढंच लिहिलं. दम कोंडतो तो प्राणवायू संपल्यामुळेच ना? दुसरं म्हणजे, सोबतच्या माहितीपत्रकात 'केमोरिसेप्टर' आलाय. रसायनग्राही चालेल का?

मोरे सर
रसायनग्राही बरोबर आहे. तुमचं वाक्यही मला बरोबर वाटतं. प्राणवायू कमी झाला की मस्तिष्कपुच्छाला कळतं आणि ते छातीच्या स्नायूंना हुकूम सोडतं. आम्ही शाळेत असंच शिकवतो. संपादकांना विज्ञान कमी दिसतंय.

भूलतज्ज्ञ_सांगली
सर, हुकूम सोडणारा तुम्ही बरोबर सांगितलात, बातमी देणारा मात्र चुकला. मस्तिष्कपुच्छातले ग्राही प्राणवायू मोजत नाहीत. रक्तातला कार्बन डायऑक्साइड मेंदूभोवतीच्या द्रवात सहज शिरतो आणि तिथली आम्लता वाढते. ही आम्लता त्यांना कळते. प्राणवायूवर नजर ठेवणारे ग्राही बाहेर आहेत. मानेत रोहिणी दुभंगते तिथे दोन्ही बाजूंना तांदळाच्या दाण्याएवढा एकेक गोळा असतो. तो हे काम करतो आणि नवव्या मज्जारज्जूतून वर कळवतो.

पण हे मानेतले पहारेकरी बरेच उशिरा ओरडतात. रक्तातला प्राणवायूचा दाब साधारण 95 मिलिमीटर पारा असतो, तो 60 च्या आसपास उतरेपर्यंत त्यांची फारशी हालचाल नसते. कार्बन डायऑक्साइडचं तसं नाही. त्याचा दाब 40 वरून दोन-तीन अंकांनी चढला तरी श्वास वाढतो. घरी बसून श्वास रोखलात तर जी तगमग सुरू होते ती मुख्यतः याची. त्या क्षणी बोटाला ऑक्सिमीटर लावून पाहा, आकडा बहुतेक वेळा चांगलाच असतो. संपादकांनी खोडलं ते योग्य.

वृषाली_भाषांतर
'नवव्या मज्जारज्जूतून'? मज्जारज्जू तर पाठीतला ना?

भूलतज्ज्ञ_सांगली
चूक माझीच. मेंदूतून निघणारी नववी चेता म्हणायचं होतं. रात्रपाळीनंतर लिहितोय.

नाना_कऱ्हाडकर
म्हणजे प्राणायामात कुंभकाआधी भस्त्रिका करतात ते याचसाठी. भस्त्रिकेने प्राणवायू भरपूर साठतो, मग कुंभक लांबतो. मी स्वतः दोन मिनिटांच्या पुढे जातो. लहानपणी विहिरीतही तळाची माती आणायची पैज लावताना हेच करायचो.

भूलतज्ज्ञ_सांगली
नाना, साठा वाढत नाही हो, गजर बंद पडतो. फलकाचा विषय तोच आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

पोरगा काठावर उभं राहून मिनिटभर जोरजोरात श्वास घेतो. त्याचं हिमोग्लोबिन आधीच 97-98 टक्के भरलेलं असतं. फुप्फुसात थोडा प्राणवायू वाढतो, रक्तात जवळपास काहीच नाही. कार्बन डायऑक्साइड मात्र धुऊन निघतो आणि 40 चा 20-25 वर येतो. बोटांना मुंग्या येतात, डोकं हलकं होतं, ते याच्यामुळेच. आता तो बुडी मारतो. एरवी 50 च्या आसपास त्याला राहवलं नसतं, पण आता तिथवर चढायला भलतंच अंतर आहे. दरम्यान हातपाय चालू असल्याने प्राणवायू झपाट्याने खर्च होतो.

इथे कुणीही विचारेल की मानेतले पहारेकरी तरी ओरडायला हवेत. तीच खरी मेख. कार्बन डायऑक्साइड फार उतरलेला असला की त्यांचा प्राणवायूसाठीचा आवाजही दबतो. दोन्ही गजर एकमेकांच्या जोरावर वाजतात. त्यामुळे तगमग होण्याआधीच शुद्ध जाते. काठावरच्यांना वाटतं पोरगा अजून पोहतोय, कारण धडपड नसते, हात मारणं नसतं. तो फक्त शांत होतो.

श्वास रोखायचा निर्णय मेंदूच्या वरच्या भागाचा असतो. शुद्ध गेली की तो निर्णय उरत नाही आणि मस्तिष्कपुच्छ आपली लय पुन्हा सुरू करतं. पाण्याखाली त्या पहिल्या श्वासाला पाणीच आत जातं. नाना, कुंभक जमिनीवर बसून करा, पाण्यात नको.

नाना_कऱ्हाडकर
विहिरीत आम्ही वाचलो ते नशिबानेच म्हणायचं. पण भस्त्रिकेने ताकद येते हे मी सोडणार नाही.

शिल्पा_ठाणे
प्रश्न थोडा वेगळा आहे, पण माझ्या वडिलांची फुप्फुसं विडीने गेली आहेत. घरी ऑक्सिजनचं मशीन आहे. डॉक्टरांनी ऑक्सिमीटरवर 88 ते 92 ठेवा म्हणून सांगितलंय, आणि काका येतात ते काटा वर करून जातात. 'जास्त दिला तर श्वास थांबतो' असं ऐकलं. याचा संबंध याच ग्राहींशी आहे का?

भूलतज्ज्ञ_सांगली
थोडा आहे. अशा रुग्णात कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं चढलेला असतो. मूत्रपिंडं रक्तातला क्षार वाढवतात, मेंदूभोवतीच्या द्रवातही तो वाढतो आणि आम्लता झाकली जाते. म्हणजे आतला गजर मंदावतो आणि मानेतल्यांवर भार वाढतो. प्राणवायू भरमसाट दिला की तेही थंडावतात. पण सगळा दोष त्यांचा नाही. जास्त प्राणवायूने फुप्फुसातला रक्ताचा वाटाही बिघडतो, आणि रक्ताची कार्बन डायऑक्साइड वाहायची ताकद घटते. तुमच्यासाठी खूण अशी की आकडा 97 दिसतोय, पण वडील पेंगताहेत, सकाळी डोकं दुखतंय, बोलता बोलता झोप लागतेय. ऑक्सिमीटर कार्बन डायऑक्साइड दाखवत नाही. असं दिसलं तर वाट न पाहता रुग्णालयात न्या. काकांना काट्यापासून लांब ठेवा, पण मशीन बंदही करू नका.

मोरे सर
मान्य, उद्या वर्गात दुरुस्त करतो. मग कोविडमध्ये लोक ऑक्सिमीटरवर 80 असताना फोनवर गप्पा मारत होते, ते असंच?

भूलतज्ज्ञ_सांगली
बऱ्याच अंशी. त्यांचा कार्बन डायऑक्साइड अडकला नव्हता, उलट अनेकांचा कमीच होता. तेवढ्याने सगळं उलगडतं असं नाही. विषाणूने ते मानेतले गोळेच बिघडवले का, यावर वाद आहे.

कोशवाचक
शब्दाकडे परत येऊ. मराठीत या सगळ्याला एक शब्द नाही हे बरंच आहे. जिना चढून लागते ती धाप. घशात घास अडकला की माणूस गुदमरतो. आणि वृषालीताईंना जी जाणीव हवी आहे ती घुसमट. दम कोंडणे यापैकी कशालाही लागतं, म्हणून फलकावर ते ढिलं पडेल. रसायनग्राही मला मात्र खटकतो. रसायन म्हटलं की च्यवनप्राश नाहीतर कारखाना आठवतो. रसायन-संवेदी म्हणा.

मोरे सर
पाठ्यपुस्तकात मुलांना ग्राही ओळखीचा आहे. मस्तिष्कपुच्छही चालतं, कुणी लंबमज्जा म्हणतात, पोरं 'मेंदूची शेपटी' म्हणतात. संवेदी म्हणजे कुणाला कविता वाटेल.

भूलतज्ज्ञ_सांगली
घुसमट उत्तम. पण ती निव्वळ रसायनांची समजू नका. 1954 मध्ये फाउलर यांनी माणसांना अगदी असह्य होईपर्यंत श्वास रोखायला लावलं आणि मग मोकळी हवा न देता कमी प्राणवायूचा, जास्त कार्बन डायऑक्साइडचा वायू दोन-चारदा ओढायला दिला. रक्त सुधारलं नाही, तरी त्यांना बरं वाटलं आणि ते पुन्हा श्वास रोखू शकले. छाती हलली एवढंच. म्हणजे थिजलेल्या छातीचाही वाटा आहे. किती, ते मला विचारू नका.

वृषाली_भाषांतर
फलकाचं वाक्य असं केलंय: 'बुडी मारण्यापूर्वी भराभर श्वास घेऊ नका. घुसमट होण्याआधीच शुद्ध हरपते.' माहितीपत्रकात तूर्त रसायनग्राही. संपादकांना 'संवेदी'ही कळवलंय, अजून उत्तर नाही.

नाना_कऱ्हाडकर
'शुद्ध हरपते' पोरांना कळणार नाही. 'भोवळ येऊन बुडाल' लिहा.

भूलतज्ज्ञ_सांगली
भोवळ आली तर निदान कळेल तरी, नाना. इथे तीही येईलच असं नाही.