आधी दार, मग पॅनेल

> मायक्रोवेव्हचा डिस्प्ले चालू आहे, वेळ सेट होते, पण स्टार्ट दाबलं की ढिम्म. पॅनेल बदलावं का?

थांबा, आधी आतल्या दिव्याकडे बघा. बहुतेक मॉडेलमध्ये दार उघडलं की तो लागतो, लावलं की विझतो. दार लावूनही दिवा चालूच राहिला, तर मशीनला दार उघडंच वाटतंय. म्हणजे हुक नीट बसत नाही किंवा त्यामागचा मायक्रोस्विच गेलाय. दार आत दाबून धरल्यावर स्टार्ट झालं तर हुकावरच संशय घ्या, पण तसं रोज वापरू नका. दिवा विझतोय आणि फक्त काही बटणंच मेलीत, तर मात्र कीपॅडची पट्टी बघावी लागेल. मेकॅनिक 'स्विच डायरेक्ट करतो' म्हणाला तर सरळ नाही म्हणा, दार उघडं असताना मायक्रोवेव्ह चालू होऊ नये म्हणूनच तो आहे. आणि स्वतः खोलू नका, प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये जीवघेणा विद्युतदाब उरू शकतो.